खांद्याच्या मागं

माझ्या नवऱ्याचं नाव दगडोबा. टेक्सासात आल्यावर ऑफिसातल्या लोकांनी ते कापून डग केलं, आणि ह्यांनाही ते आवडलं. माणूस लातूर शहरात वाढलेला, वडिलांचं गोलाईत कापडाचं दुकान. बैल पाहिला तो पोळ्याच्या मिरवणुकीत, तोही दुसऱ्याचा. मी रुक्मिण, कंधार तालुक्यातली, शेतकऱ्याची लेक. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून फुटून नवा झाला त्याच साली आमचं लग्न झालं. सासरे कौतुकानं म्हणायचे, सून पायगुणाची निघाली, येताना जिल्हा घेऊन आली. पुढं हे विजेच्या कामातले इंजिनियर झाले आणि आम्ही जिल्हा, देश सगळंच सोडून इकडं आलो.

आमच्या इथल्या गावापासून तासाभराच्या रस्त्यावर लोरेनबाईंचं रान आहे. विधवा बाई, सत्तरीची, बोलायला कमी. तिथं दगड, खुरटं गवत आणि वेडी बाभळ. इकडं तिला मेस्कीट म्हणतात, काटा तोच. पहिल्यांदा फाटकातून आत गेले तेव्हा मला रडू आलं होतं. इतक्या वर्षांत या देशात मला घरच्यासारखी वाटलेली ती एकच जागा. आणि तिथं कोण चरतं? काळवीट! कुणीतरी फार पूर्वी हिंदुस्थानातून आणून सोडलेली. तिकडं त्यांना हात लावला की तुरुंग, आणि इकडं ती पाहुणी जनावरं, बारा महिने शिकार चालते.

लोरेनबाईंचा नियम एकच, आणि तो फाटकावरच सांगितलेला. धनुष्यानं मारा, बंदुकीनं मारा, पण जनावर जखमी करून हरवलंत तर हे फाटक तुमच्यासाठी पुन्हा उघडणार नाही. मी दोन धडधाकट शेजाऱ्यांना असं कायमचं बाहेर गेलेलं पाहिलं होतं. बाई ओरडत नाहीत, फक्त कुलूप बदलतात.

त्या वर्षी टेक्सासात दुष्काळ पडला. आमच्याकडचा बहात्तरचा आठवावा असा. तळी तडकली, लोकांनी गुरं मिळेल त्या भावात विकली. लोरेनबाईंच्या रानात एकच तळं उरलं, तेही पवनचक्कीच्या पंपावर. गवत नाही, म्हणून त्यांनी काळविटाच्या काही माद्या कमी करायचं ठरवलं आणि आम्हाला बोलावलं. नेमका तेव्हा माझा थोरला भाऊ व्यंकटीअण्णा आमच्याकडं आलेला होता. जन्मात पहिल्यांदा त्याचा पोळा चुकला होता, आणि तो येताजाता ते बोलून दाखवायचा.

"न्या मला," अण्णा म्हणाला. "माझा हरभरा पंधरा वर्सं खाऊन राहिलीत ही. राखण करू करू कंबरडं मोडलं. एक तरी हिशोब फिटू द्या."

ह्यांना काय, शिष्य मिळाला. परवाना काढला, आपलं जुनं, दोन्ही टोकांना कप्पीची चाकं असलेलं धनुष्य अण्णाला झेपेल इतकं सैल करून दिलं. ओढायला पन्नास पाउंडांच्या आतच जोर लागेल असं. अण्णा परसदारी फोमच्या ठोकळ्यावर रोज सराव करायचा. औत धरलेला हात, थरथर नाही. वीस यार्डांवरून तो वाटीएवढ्या जागेत बाण लावायला लागला.

मग वाद सुरू झाला तो पात्यावरून.

सरावाच्या बाणाला पुढं साधं टोक असतं. शिकारीला त्या जागी धारदार पातं बसवतात, आणि त्याच्या दोन जाती आहेत. एक पक्कं पातं, जसं बसवलं तसंच राहणारं. दुसरं मिटलेलं, हवेतून जाताना पाती दुमडलेली, अंगात शिरताना ती उघडतात आणि दोन बोटांच्या जागी चार बोटांचं भोक पाडतात. आमचे हे उघडणाऱ्या पात्याचे भक्त. मी पक्क्याची. त्याला कारण आहे. मी हरणं सोलून-कापून देण्याच्या दुकानात काम करते. हंगामात शिकारी जनावरं आणून टाकतात आणि बाणानं आत काय केलं ते मला रोज दिसतं. उघडणारं पातं बरगडीतून गेलं तर फुप्फुसाची दैना करतं, हे मी नाकारत नाही. पण उघडायलाही जोर खर्च होतो, आणि रुंद पातं ओढत न्यायलाही. धनुष्य हलकं असेल आणि मध्ये जाड हाड आलं, तर ते तिथंच बसतं. माझं स्वतःचं धनुष्य हलकं, म्हणून मी दोन धारांचं पक्कं पातं वापरते. ते टेकताक्षणी कापायला लागतं आणि आत जात राहतं.

"अगं पण लागायला तर पाहिजे ना," हे म्हणाले. "पक्क्या पात्याला पुढं पंख फुटल्यासारखे असतात. धनुष्य जरा बेसूर असलं की बाण भरकटतो. अण्णांच्या धनुष्याचा सूर साध्या टोकावर लावलेलाय. उघडणारं पातं साध्या टोकासारखंच उडतं. जिथं सराव केला तिथंच लागेल."

"हाड लागलं तर?"

"हाडावर मारायचंच कशाला?"

यात त्यांचं चुकीचं काहीच नव्हतं. माझंही नव्हतं. म्हणून तर दोघंही जोरात होतो. अण्णा भाकरी खात ऐकत होता. शेवटी म्हणाला, "तुमचं नवराबायकोचं मिटलं की मला सांगा. पातं उघडो का मिटो, जित्राब तडफडू द्यायचं न्हाई. दाजी म्हणतील तेच लावा." पाहुण्याचं मत पडलं. उघडणारं पातं ठरलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही तळ्याकाठच्या कापडी तंबूत बसलो. पुढं अण्णा आणि हे, मागं मी. उन्हं वर आली तशा पाच-सहा माद्या उतरल्या. एक बाजूला होऊन पाण्याशी उभी राहिली, पूर्ण आडवी, वीस यार्डांच्या आत. यापेक्षा चांगली संधी देव देत नाही. ह्यांनी अण्णाच्या कानाशी तोंड नेलं आणि इंग्रजीत शिकलेला धडा मराठीत म्हटला. "खांद्याच्या मागं, अण्णा. बरोब्बर खांद्याच्या मागं."

अण्णानं मान डोलावली. दोर ओढला, थांबला, सोडला.

आवाज चुकीचा आला. बरगडीतून बाण गेला की ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा दबका आवाज येतो. हा खट्कन आला. मादी उसळली. बाण तिच्या पाठीच्या वरच्या अंगाला लोंबकळत होता, आणि ती कळपासकट बाभळीत नाहीशी झाली.

आम्ही शिकारीच्या रिवाजाप्रमाणं थांबलो. उठून मागं धावलं तर जखमी जनावर दूर जातं. मग माग काढायला लागलो. बाण थोड्याच अंतरावर गळून पडलेला मिळाला. पाती उघडलेली, एक वाकलेलं, आणि रक्त जेमतेम चार बोटं चढलेलं. रक्त गडद लाल, त्यात बुडबुडा नाही. फुप्फुस लागलं की रक्त गुलाबी, फेसाळ येतं. पोटात लागलं की घाण वास. हे नुसतं मांसाचं रक्त होतं. दगडावर एक थेंब, गवताच्या काडीवर एक, मग काही नाही. दुपारपर्यंत आम्ही तिघं ओणव्यानं रान चाळत होतो. काही मिळालं नाही.

लोरेनबाईंना मी स्वतः सांगितलं. लपवायचं मनात आलं नाही, असं खोटं सांगणार नाही; आलं होतं. त्यांनी वाकलेलं पातं बोटात धरून पाहिलं. "पाणी एकच आहे," त्या म्हणाल्या. "ती येईल. रविवारी सूर्य मावळेपर्यंत आणा. नाही आणलीत, तर फाटकाची किल्ली खिडकीत ठेवून जा."

त्यांच्या ओसरीवर बसून आम्ही पाणी प्यायलो. हे पांढरे पडलेले. "माझंच चुकलं," म्हणाले, "रुक्मिण म्हणत होती ते पातं असतं तर हाडातून पार गेलं असतं."

मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. तिसेक वर्षांच्या संसारात असं वाक्य किती वेळा मिळतं? पण मला काहीतरी खटकत होतं. आडव्या उभ्या जनावराला अण्णाचा बाण इतका वर लागतोच कसा? वाटीएवढी जागा चुकत नव्हता हा माणूस.

"अण्णा, नेम कुठं धरला होतास?"

"दाजी बोलले तिथंच की. खांद्याच्या मागं."

"म्हंजी कुठं? दाखव."

अण्णा उठला. ह्यांना म्हणाला, "वाका जरा, दाजी." ते वाकले. अण्णानं ह्यांच्या मानेच्या बुडाशी, पाठीवर हात ठेवला. "हितं जू टेकतं. हा खांदा. ह्याच्या मागं, हितं."

मी कपाळावर हात मारला. दगडोबा वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले, "खांदा म्हणजे... हा नाही? हाताचा?"

"मानसाचा खांदा तो. जित्राबाचा खांदा ह्यो. खांदेमळण कुठं करता मग तुमच्या लातुरात, पायाला?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळण असते. जिथं वर्षभर जू घासतं त्या जागी हळद-तूप चोळायचं, आणि चोळता चोळता बैलाला उद्याचं आमंत्रण द्यायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवाया या. माझा बाप म्हणायचा, त्याच्यामागं अण्णा. लहानपणी मला वाटायचं, बैल खरंच ऐकतो. मला हा शब्द माहीत होता. मी त्या तंबूत हातभर अंतरावर बसले होते आणि मलाही तो ऐकू आला नाही. इतकी वर्षं इंग्रजीत शिकार केल्यावर माझा कानही दगडोबाच झाला होता.

हसू येत होतं, पण हसलो नाही. तिकडं रानात एक मादी त्या खांद्यावर भोक घेऊन फिरत होती.

"मग पातं कोणतं का असेना," मी म्हणाले, "पक्कं असतं तर त्या जागेतून आरपार गेलं असतं, एवढंच. कण्याच्या वर काळीज थोडंच असतं? दोन भोकं घेऊन पळाली असती."

"आता कोन मारनार?" अण्णानं विचारलं. मी माझ्या धनुष्याकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. "न्हाई रुक्मे. माझं मी निस्तरतो. पन आता ती नीट उभी ऱ्हाईल का न्हाई काय म्हाईत. तुजं पक्कं पातं दे. हाड आलं तरी थांबायला नको."

 मीच म्हणाले, आधी बघू.

दुपारी लोरेनबाईंच्या गोठ्यामागं ठोकळा लावला. अण्णाच्या बाणाला माझं पक्कं पातं बसवलं. पहिला बाण वीस यार्डांवरून ठोकळ्याच्या कडेला लागला, नेमापासून वीतभर डावीकडं. दुसराही तिथंच. म्हणजे दगडोबाही बरोबर होते. त्या धनुष्यावर पक्कं पातं भरकटतच होतं. सूर लावायला दुकान, हत्यारं आणि दिवस लागतात. आमच्याकडं ते नव्हतं. अण्णा पुढं पुढं सरकत गेला. बारा यार्डांवर फरक दोन-तीन बोटांवर आला.

"बास," तो म्हणाला. "बारा पावलांच्या आत आली तर सोडीन. न्हाई तर न्हाई."

"आणि नाही आली तर?" ह्यांनी विचारलं.

"तर रुक्मीचं फाटक गेलं," अण्णा म्हणाला, आणि माझ्याकडं पाहिलं नाही.

मग मी त्याला जागा दाखवली. गोठ्यात लोरेनबाईंची शेळी होती, तिच्यावर. खांदा हा शब्द मी त्या दिवसापुरता मोडीत काढला. पुढचा पाय जिथं धडाला लागतो ते कोपर. कोपराच्या चार बोटं मागं आणि तितकंच वर. आत फुप्फुस, त्याच्या खाली काळीज. आडवी असेल तर तिथंच. तोंड पलीकडं करून तिरपी असेल तर अजून मागं धरायचं, म्हणजे बाण पलीकडच्या पुढच्या पायाकडं निघेल. तोंड आपल्याकडं असेल तर हाडंच हाडं, हात खाली. अण्णानं शेळीच्या बरगड्यांवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "हे लोहाराच्या भात्यासारखं हलतंय तिथं. असं सांगायचं न्हाई का आधी!"

शनिवारी ती आली नाही. कळप आला, पाणी पिऊन गेला. संध्याकाळी आम्ही तसेच परतलो.

रविवारी अण्णानं तंबू नाकारला. हरभऱ्याच्या रानात तो रात्रंदिवस बसलेला माणूस. पाण्याच्या अगदी काठाला, बाभळीच्या बुंध्याशी, अंगावर मातकट घोंगडं घेऊन बसला. आम्ही लांब तंबूत. दुर्बिणीतून मला तो दगडासारखा दिसत होता, आणि इथं दगड म्हणजे माझा नवरा नव्हे.

उन्हं उतरली तेव्हा माद्या आल्या. सगळ्यात शेवटी ती. पुढचा एक पाय जरा उचलून टाकत होती, पाठीवर काळा डाग. पाण्याशी आली ती थेट अण्णाकडं तोंड करून. आठ-दहा पावलं. अण्णानं दोर ओढला आणि थांबला. हे माझ्या कानात कुजबुजले, "मारा ना, मारा ना." अण्णानं मारलं नाही. ती पीत राहिली. ताणलेलं धनुष्य धरून ठेवणं सोपं नसतं. त्यानं हळूच, इंचाइंचानं दोर परत सोडला. तिनं मान वर केली, पाहिलं, पुन्हा प्यायली. सूर्य टेकडीला टेकला. मला फाटक दिसत होतं, बदललेलं कुलूप दिसत होतं, आणि मनात म्हटलं, जाऊ दे, गेलं तर गेलं, पण हा हात चुकू नये.

ती वळली. तोंड पलीकडं, अंग तिरपं. अण्णानं पुन्हा ओढला, आणि सोडला.

यावेळी आवाज दबका आला. बाण पार होऊन पलीकडच्या मातीत रुतला. ती धावली, बाभळीपर्यंत, आणि तिथं पुढचे पाय दुमडून बसली, मग आडवी झाली. आम्ही पोचलो तेव्हा डोळे उघडे होते आणि सगळं संपलेलं होतं.

लोरेनबाई गाडी घेऊन आल्या. वाकून दोन्ही जखमा पाहिल्या, रक्ताचा फेस पाहिला, आणि अण्णाचा हात हातात घेऊन हलवला. "फाटकाची किल्ली तुझ्याकडंच राहू दे," त्या मला म्हणाल्या आणि गेल्या. हे माझ्याकडं बघून हसले. माझ्या अंगावरचं ओझं उतरलं. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला.

गोठ्यातल्या आकड्याला तिला टांगून मी सोलायला घेतलं. बरगडीतलं भोक बारीक आणि नीट, दोन्ही फुप्फुसांतून. त्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. मग कातडं पाठीवरून उतरलं आणि पहिली जखम उघडी पडली. उघडणारं पातं फऱ्याच्या, म्हणजे पुढच्या पायावरच्या चपट्या हाडाच्या, वरच्या काठावर अडलं होतं. छातीत गेलंच नव्हतं. मांस फाटलेलं, पण घाण नाही, पू नाही. कडेला खपली धरायला सुरुवात झाली होती. अशा जुन्या, भरून आलेल्या जखमा मी दुकानात कितीतरी पाहिल्या आहेत, वर्षभर त्या घेऊन हिंडलेल्या हरणांच्या. पात्यानं काम केलं नव्हतं, म्हणूनच ती वाचणार होती. पक्क्या पात्याचा हट्ट माझा होता, ते आत जात राहतं म्हणून, आणि ते गेलं.

ह्यांना कळलं नाही. मी सुरी चालवत राहिले. पण अण्णा जवळ आला. त्यानं आयुष्यभर बैलांचे सुजलेले, सोललेले खांदे पाहिलेले.

"हे तर जू लागल्यावानी हाय," तो म्हणाला. "खांदा आल्यावानी. हळद भरली असती तर चार दिसांत... न्हाई भरली तरी."

"हाव," मी म्हणाले.

"जगली असती."

"हाव, अण्णा."

 त्यानं तळहात त्या जागेवर ठेवला, जू टेकतं तिथं, आणि हलक्या हातानं मागं-पुढं चोळला, जसा दर पोळ्याच्या आदल्या दिवशी चोळायचा. सवयीनं तोंडातून निघालं, "आज आवतन घ्या..."

पुढचं त्याच्यानं म्हणवलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवायला तीच होती.